चौकशीचा अहवाल आणि फुकटचं भाषांतर

*ताई, कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी ऑफिसचं काम बघते. आम्ही ऐंशी-पंच्याऐंशी माणसं, त्यात बायका अकरा. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जी अंतर्गत समिती असते, तिची मी सदस्य आहे. एका तक्रारीची चौकशी संपली, १४ पानांचा अहवाल मराठीत झाला. पुण्याच्या मुख्य ऑफिसने तो इंग्रजीत मागितला. पहिली पाच पानं मी थोडी थोडी करून गूगल ट्रान्सलेटमध्ये टाकली. मग कंटाळा आला आणि अख्खी फाइल घेणारी एक फुकटची वेबसाइट सापडली, तिच्यावर चढवली. दुसऱ्या दिवशी आमचे अकाउंटंट त्याच कॉम्प्युटरवर काहीतरी उघडत होते, तर वरच्या पट्टीत आपोआप अहवालातलं वाक्य आलं. त्यांनी वाचलं की नाही, कळत नाही. तेव्हापासून झोप उडाली आहे. वेबसाइटला कुलपाचं चिन्ह होतं, मग मजकूर सुरक्षित नाही का? नावं काढून टाकली असती तर चाललं असतं का? आणि आता हे मी कुणाला सांगू?*

*– एक वाचक, सांगली*

आधी त्या पट्टीचं बघू, कारण आजच्या आज पुसता येण्यासारखं तेवढंच आहे.

गूगल ट्रान्सलेटमध्ये आपण मजकूर टाकतो, तेव्हा तो फक्त चौकटीत राहत नाही. कॉम्प्युटरवर उघडलेल्या पानाच्या पत्त्यातसुद्धा तो जाऊन बसतो. ‘उद्या सुट्टी आहे’ एवढंच टाकून वर बघा, पत्ता असा काहीतरी दिसेल:

```
https://translate.google.com/?sl=mr&tl=en&text=उद्या%20सुट्टी%20आहे&op=translate
```

`sl=mr` म्हणजे मराठीतून, `tl=en` म्हणजे इंग्रजीत, आणि `text=` च्या पुढे तुमचं वाक्य. ब्राउझर प्रत्येक पत्ता आपल्या इतिहासात लिहून ठेवतो. पुढे कुणी पट्टीत `tr` एवढं टाइप केलं की जुने पत्ते सुचवायला लागतो. तुमच्या अकाउंटंटसाहेबांनी काही उकरून काढलं असेल असं नाही. बहुधा त्यांना दुसरंच काही उघडायचं होतं आणि मशीनने तुमचं वाक्य पुढे केलं. तुम्ही परिच्छेद तोडून तोडून टाकलेत, म्हणून प्रत्येक तुकड्याचा असा वेगळा पत्ता झाला असणार.

तेव्हा त्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून Ctrl+H दाबा, वरच्या शोधाच्या चौकटीत `translate.google.com` लिहा आणि त्या दिवसाच्या सगळ्या ओळी निवडून पुसा. त्यातच एक गोष्ट तपासा. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यात कुणाचं खातं चालू आहे? लहान कारखान्यांत ऑफिसचा एकच जीमेल असतो, आणि तोच मालकांच्या मोबाइलवर, त्यांच्या मुलाच्या लॅपटॉपवर आणि स्टोअरमधल्या जुन्या मशीनवर चालू असतो. सिंक चालू असेल तर हा इतिहास तिथेही पोचलेला असतो. सिंक चालू ठेवूनच पुसलंत तर तिकडचाही जातो, म्हणून आधी खात्यातून बाहेर पडू नका. पुढचंही सगळं पुसून झालं की मग पडा.

मग `myactivity.google.com` उघडा. खातं चालू असताना केलेली भाषांतरं तिथे नोंदलेली असू शकतात, ती पुसा. ट्रान्सलेटच्या पानावरची History ची यादीही रिकामी करा. एवढं झालं की Downloads फोल्डर बघा, कारण त्या दुसऱ्या वेबसाइटने परत दिलेली इंग्रजी फाइल तिथे असणार. ती पुसा आणि रिसायकल बिनही रिकामं करा. वर्डमध्ये नुकत्याच उघडलेल्या फाइलींची यादी दिसते, तिच्यातूनही अहवालाचं नाव काढा. फाइलच्या नावात तक्रारदाराचं नाव घालायची आपल्याकडे वाईट सवय आहे. फाइल उघडली नाही तरी यादीतलं नाव वाचता येतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. पूर्वी माझ्याकडे इंटरनेट धड नव्हतं, तेव्हा मी एका डीटीपीच्या दुकानात बसून भाषांतरं करायचे. एका घटस्फोटाच्या नोटिशीचं काम संपवून उठले, फाइल पेनड्राइव्हवर घेतली, दुकानातल्या मशीनवरची पुसली आणि निवांत घरी गेले. ‘अलीकडच्या फाइली’च्या यादीत नवरा-बायको दोघांची आडनावं तशीच राहिली होती. माझ्या पाठोपाठ लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला बसलेले गृहस्थ त्यातल्या एका घरचे पाहुणे निघाले. आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलं हे गावाला जितक्या लवकर कळतं, त्याहून लवकर ती बातमी पोचली. त्यात अमेरिकेतल्या कुठल्या सर्व्हरचा हात नव्हता. म्हणून मी आधी टेबलावरचं मशीन बघायला सांगते.

आता कुलूप. ते चिन्ह एवढंच सांगतं की तुमच्या मशीनपासून त्या वेबसाइटपर्यंतच्या वाटेत मजकूर कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे पोचल्यावर त्याचं काय होतं, याच्याशी कुलपाचा संबंध नाही. आपण पाकीट लाखेने बंद करून पाठवलं, पण ज्याच्या हाती पडलं त्याने ते फोडून टेबलावर उघडं ठेवलं, तर लाखेला बोल लावून उपयोग नाही.

पलीकडे काय होऊ शकतं, याचं ठळक उदाहरण नॉर्वेचं आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या एनआरके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने बातमी दिली. तिथल्या स्टॅटऑइल या मोठ्या तेल कंपनीतल्या (आता तिचं नाव इक्विनॉर आहे) लोकांनी Translate.com या फुकटच्या साइटवर टाकलेला मजकूर गूगलवर शोधला की सापडत होता. कामावरून काढल्याच्या नोटिसा, कर्मचारी कपातीचे बेत, पासवर्ड, करार, सगळं त्यात होतं. कुणी चोरी केली नव्हती. साइटने भाषांतरं स्वतःकडे साठवली होती. यंत्राचं भाषांतर सुधारण्यासाठी ती माणसांकडून तपासून घेतली जात होती, आणि त्यातली काही पानं सर्च इंजिनांना उघडी राहिली. बातमी आल्यावर ओस्लोच्या शेअर बाजाराने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ती साइट तर बंद केलीच, गूगल ट्रान्सलेटही बंद केलं. मजकूर टाकणारे कर्मचारी तुमच्यासारखेच होते. त्यांना कुठलंतरी पत्र लवकर दुसऱ्या भाषेत करून हवं होतं, बाकी काही नाही.

म्हणजे प्रत्येक फुकटच्या साइटवर असंच होतं का? नाही. पण फुकट आणि पैसे देऊन घेतलेल्या सेवेचे करार मुळातच वेगळे असतात, हे ध्यानात घ्या. डीपएलचं बघा. तिची फुकटची सेवा टाकलेला मजकूर काही काळ ठेवून यंत्र शिकवायला वापरते, आणि व्यक्तिगत माहिती असलेला मजकूर त्यात टाकू नका असं ती स्वतःच सांगते. पैसे भरणाऱ्यांचा मजकूर मात्र भाषांतर झाल्यावर ठेवत नाही. गूगलचंही तेच. कंपन्यांना विकली जाणारी क्लाउडवरची भाषांतर सेवा तुमचा मजकूर दुसऱ्या कशालाही न वापरण्याचं वचन देते, ते वचन तुमच्या-माझ्या ब्राउझरमधल्या फुकटच्या पानाला लागू होत नाही. ही मोठी नावं निदान लिहून तरी ठेवतात. तुम्हाला शोधात सापडलेल्या साइटच्या मागे कोण आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? त्या साइटच्या अगदी खाली Privacy आणि Terms असे दुवे असतील, ते उघडा. अख्खं वाचायची गरज नाही, Ctrl+F दाबून improve, train, retain, third party हे शब्द शोधा. ‘सेवा सुधारण्यासाठी’ मजकूर वापरू असं लिहिलं असेल, तर तो ठेवला जातोय असंच धरून चाला. पत्ता, कंपनीचं नाव, ईमेल यातलं काहीच नसेल तर माझ्या मते ते वाईट कलमांपेक्षाही वाईट, कारण तक्रार करायला दारच नाही.

ईमेल असेल तर तीन ओळींचं पत्र लिहा. अमुक तारखेला साधारण अमुक वाजता `.docx` फाइल चढवली, आकार इतका, तिची मूळ आणि भाषांतरित प्रत व तिच्यावरून झालेल्या नोंदी पुसाव्यात आणि तसं कळवावं, एवढंच. फाइल त्या ईमेलला जोडू नका. हसू नका, घाईत लोक ‘ही बघा ही फाइल’ म्हणून तीच परत पाठवतात. फाइलच्या नावात माणसाचं नाव असेल तर नावही लिहू नका, वेळेवरून शोधू द्या. उत्तर येईलच असं नाही, आणि ‘पुसलं’ असं आलं तरी ते तपासायची सोय तुमच्याकडे नाही. पण आपण मागणी केली होती हा कागद हातात राहतो, आणि तो पुढे लागतो.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, मग पुन्हा दोन-तीन महिन्यांनी, अहवालातला एखादा बिनमहत्त्वाचा पण दुसरीकडे कुठे नसेल असा शब्दांचा तुकडा दुहेरी अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. इंग्रजी भाषांतरातलाही एक घ्या. उदाहरणार्थ, ‘पार्किंगच्या शेडमागच्या जुन्या वजनकाट्यापाशी’ असा. नाव किंवा प्रसंगाचं वर्णन घालून शोधू नका. शोधाच्या चौकटीत टाकलेलं तेही शेवटी कुणालातरी दिलेलंच असतं.

कायद्याचं आता. कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा, पॉश म्हणतात तो २०१३ चा कायदा, त्याचं कलम १६. तक्रारीचा मजकूर, तक्रारदार स्त्री, प्रतिवादी आणि साक्षीदार यांची ओळख व पत्ते, समेट आणि चौकशीची माहिती, समितीच्या शिफारशी आणि त्यावर झालेली कारवाई, यातलं काहीही जनतेपर्यंत, वृत्तपत्रांपर्यंत, माध्यमांपर्यंत कोणत्याही प्रकारे पोचता कामा नये, असं ते सांगतं. ज्याच्यावर तक्रार हाताळायची जबाबदारी आहे त्याने हे मोडलं तर कलम १७ प्रमाणे दंड आहे. सेवानियमांत तरतूद असेल तर तिच्याप्रमाणे, नसेल तर नियम १२ खाली ५,००० रुपये. भाषांतराच्या साइटवर फाइल चढवणं म्हणजे ‘जनतेपर्यंत पोचवणं’ झालं का? मी वकील नाही, पण कलमाचे शब्द वाचून मला तसं थेट म्हणता येत नाही. तुमचा हेतू प्रसिद्धीचा नव्हता आणि ते कुणी वाचल्याचंही समोर नाही. पण उद्या ते पान नॉर्वेतल्यासारखं उघडं पडलं, तर ‘कोणत्याही प्रकारे’ हे दोन शब्द तुमच्याकडेच बोट दाखवतील. म्हणून गप्प बसू नका.

सांगायचं समितीच्या पीठासीन अधिकारी बाईंना. अकाउंटंटला नाही, एचआरमधल्या मैत्रिणीला नाही, घरी तर नाहीच. ‘तुम्ही काही वाचलंत का हो?’ असं अकाउंटंटला विचारावंसं वाटेल. विचारू नका. नसेल वाचलं तर तिथे काहीतरी वाचण्यासारखं होतं हे तुम्हीच त्यांना सांगाल. त्यांच्याशी बोलायचं की नाही आणि काय बोलायचं, ते बाई ठरवतील. त्यांना तोंडी सांगा आणि लगेच लिहूनही द्या: कोणत्या तारखेला, किती पानं, कोणकोणत्या दोन ठिकाणी, नावांसकट होती, काय काय पुसलं, साइटला कधी लिहिलं. सफाई देऊ नका. तक्रारदार बाईंना हे सांगायचं का, हाही समितीचा निर्णय आहे. माझं मत विचाराल तर सांगावं. तिची गोष्ट तिच्या हातून गेली असेल तर ते तिला पहिल्यांदा कळायला हवं, शिफ्ट सुटताना गेटवर नव्हे.

तुमचा मधला प्रश्न, नावं काढण्याचा, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे पुष्कळ लोक फसतात. मराठीत तर अंमळ जास्तच.

समजा तक्रारदाराचं आडनाव माने आहे. तुम्ही वर्डमध्ये Ctrl+H दाबून ‘माने’ शोधलंत, त्या जागी P1 घातलंत आणि Replace All केलंत. ‘माने यांनी’ गेलं, ‘मानेंनी’ गेलं. पण पुढे एका साक्षीदाराच्या जबाबात ‘मान्यांनी मला फोन केला’ असं आहे, ते तसंच राहिलं, कारण तिथे ‘माने’ ही अक्षरंच नाहीत. आपल्या भाषेत नावाचं सामान्यरूप होतं, विभक्ती लागली की मूळ बदलतं. काळे असेल तर ‘काळ्यांच्या’, घोरपडे असेल तर ‘घोरपड्यांना’. बरं, म्हणून ‘मान्य’ शोधून बदलायला गेलात तर ‘प्रतिवादीने आरोप मान्य केला नाही’ या वाक्याचा सत्यानाश. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मूळ जबाबात ‘त्याने माझ्या मानेवर हात ठेवला’ असं असेल, तर Replace All नंतर तिथे ‘त्याने माझ्या P1वर हात ठेवला’ असं होतं. यंत्र त्याचं काहीतरी ठोकून इंग्रजी देणार, आणि चौकशीतला नेमका मुख्य मुद्दा, हात कुठे ठेवला, तो पुण्याला पोचेपर्यंत हरवलेला असणार.

तेव्हा Replace All कधीच नको. Find Next करत एकेक जागा डोळ्यांनी बघायची. प्रत्येक आडनावाची रूपं आधी कागदावर लिहायची: माने, मानेंनी, मान्यांनी, मान्यांच्या. त्याखाली पहिलं नाव, हाक मारायचं नाव, ‘मानेबाई’, ‘मानेवहिनी’. साक्षीदार जबाबात नेहमी पूर्ण नाव घेत नाहीत. शेवटी एकदा अख्खा मजकूर छापून हातात पेन घेऊन वाचायचा, कारण टाइप करताना चुकलेलं ‘मनेंनी’ शोधात सापडत नाही.

नावाच्या जागी घालायच्या खुणांचंही तारतम्य आहे. ‘अ’, ‘ब’, ‘क’ घालू नका, यंत्र त्यांना भलत्याच शब्दाला चिकटवतं. `P1` तक्रारदार, `R1` प्रतिवादी, `W1`, `W2` साक्षीदार अशा रोमन अक्षर-आकड्याच्या खुणा बहुधा जशाच्या तशा पलीकडे जातात. त्यांच्यापुढे एक जागा सोडून ‘यांनी’, ‘यांना’ लिहा, प्रत्यय चिकटवू नका. कोणती खूण कोणाची, याची किल्ली हाताने कागदावर लिहा, त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या फाइलमध्ये नको.

पण एवढं सगळं करूनही ओळख लपते का? तुमच्या कारखान्यात बायका अकरा. ‘दुसऱ्या शिफ्टला ग्राइंडिंगला असलेली, मार्चमध्ये रुजू झालेली, बुधगावहून एसटीने येणारी कर्मचारी’ असं वाक्य राहिलं, तर नावाची गरजच काय? कुपवाडमध्ये कुणीही सांगेल. नाव हा ओळखीचा एक धागा, बाकीचे धागे म्हणजे विभाग, शिफ्ट, तारीख, मशीनचा नंबर, गाव, नवऱ्याचा व्यवसाय, आजारपणाची रजा. यातलं जे निष्कर्षाला लागत नाही ते भाषांतराच्या प्रतीतून काढायचं, आणि जे लागतं तेही खुणेनं लिहायचं: D1 ही तारीख, L1 ही जागा. लेटरहेड, हेडर-फूटर, समितीच्या सह्या, कर्मचारी क्रमांक हे सगळं काढायचं. अख्खी फाइल चढवली की हे सारं तिच्याबरोबर जातं, आणि बाजूला कुणी लिहिलेल्या टिपणीही जातात. म्हणून झाकलेला मजकूरसुद्धा नवीन कोऱ्या फाइलमध्ये घ्यायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं केल्यावर उरतं काय? खरं आहे. जबाबांची पानं झाकत गेलं की कधी कधी मजकूरच उरत नाही, आणि तोच इशारा समजायचा की हे पान यंत्रात टाकायचं नाही. प्रसंगाचं वर्णन हीच ज्यात ओळख आहे, ते माणसाने करायचं. तुमच्या समितीत बाहेरची एक सदस्य असणं कायद्यानेच बंधनकारक आहे, ती बहुधा सामाजिक संस्थेतली किंवा वकील असते. तिला इंग्रजी चांगलं येत असेल तर तिच्याइतकं सोयीचं माणूस नाही, कारण तिने तो अहवाल वाचलेलाच आहे. नाहीतर एका भाषांतरकाराकडून गोपनीयतेचं हमीपत्र लिहून घ्या आणि त्यात एक ओळ जरूर घाला की हा मजकूर कोणत्याही ऑनलाइन भाषांतर साधनात टाकणार नाही. ही ओळ नसेल तर तोही तेच करू शकतो जे तुम्ही केलंत, वर पैसे घेऊन. माझ्या धंद्यातल्या लोकांबद्दल हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

साध्या, झाकलेल्या पानांसाठी मोबाइलचा एक मार्ग आहे. गूगल ट्रान्सलेटच्या अ‍ॅपमध्ये मराठीची फाइल उतरवून घेता येते, मग इंटरनेटशिवाय भाषांतर होतं. नुसती फाइल उतरवून भागत नाही, नेट चालू असेल तर अ‍ॅप ऑनलाइनच जातं. म्हणून एअरप्लेन मोड लावायचा, वाय-फाय बंद आहे ना ते बघायचं, काम करायचं आणि नेट परत चालू करण्याआधी अ‍ॅपमधला इतिहास पुसायचा. भाषांतर जरा ओबडधोबड येतं, पण मसुद्याला पुरतं.

एक चोरवाट तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्याकडेही असेल अशी शंका आहे. तुमचा अहवाल श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला आहे का? असेल तर तो ट्रान्सलेटमध्ये चिकटवल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मग लोक आधी फुकटच्या ‘फॉन्ट कन्व्हर्टर’ साइटवर जाऊन तो युनिकोडमध्ये बदलतात. म्हणजे भाषांतराच्या आधीच गोपनीय मजकूर तिसऱ्या ठिकाणी जाऊन आला, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. फोटोवरून अक्षरं काढून देणाऱ्या साइटींचं तसंच. कन्व्हर्टर पारखायची एक सोपी युक्ती आहे. पान उघडा, वाय-फाय बंद करा, मग एखादी साधी ओळ बदलून बघा. बदलली तर काम तुमच्याच मशीनवर होतंय. नाही बदलली तर मजकूर बाहेर जातोय. बदलत असेल तेव्हाही काम संपल्यावर आधी ते पान बंद करा, मग नेट चालू करा.

यंत्राने दिलेला मसुदा तुमच्या पीठासीन अधिकारी बाईंनी मूळ मराठीशी ओळीओळीने ताडून बघायला हवा, तेही विशेषतः एका कारणासाठी. आपण अहवालात सगळ्यांना आदरार्थी लिहितो: ‘त्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावले.’ कुणी कुणाला? मराठी वाचणाऱ्याला मागच्या वाक्यावरून कळतं. यंत्र कधी they म्हणतं, कधी मनाने he घालतं, आणि एखाद्या वाक्यात बोलावणारा आणि बोलावलेली यांची अदलाबदल करून ठेवतं. P1 आणि R1 प्रत्येक वाक्यात पुन्हा पुन्हा लिहिलेत, वाचायला कितीही रटाळ वाटलं तरी, तर हा घोळ टळतो. म्हणजे लपवायला घातलेल्या खुणा इथे अर्थही सांभाळतात.

पण हे सगळं करण्याआधी पुण्याला एक फोन करा. किंवा बाईंना करायला सांगा, ते जास्त बरं. अहवाल नक्की कोण वाचणार आहे आणि त्यांना त्यातलं काय हवं आहे? कायद्याप्रमाणे मालकाला अहवाल मिळायला हवा आणि शिफारशींवर ६० दिवसांत कारवाई करायला हवी, तेव्हा ते मागणार हे बरोबरच. मराठीतला पूर्ण अहवाल सीलबंद जाऊ शकतो. इंग्रजीत त्यांना बहुधा निष्कर्ष आणि शिफारशीच लागतील, आणि तुमच्या १४ पानांत त्या शेवटच्या दीड-दोन पानांवर असतील. तेवढं तर बाहेरच्या सदस्य बाई एका दुपारी हाताने लिहून देतील.